बुलढाण्यापेक्षा, शेगावपेक्षा, सिंदखेड राजापेक्षा : तुलनेच्या वाक्यातले नाम

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत: बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव, शेगाव, मोताळा, मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. या तेरा नावांना एकेक करून ‘पेक्षा’ जोडून बघा. बुलढाण्यापेक्षा, मोताळ्यापेक्षा, नांदुऱ्यापेक्षा अशी तीन नावे बदलतात. चिखलीपेक्षा म्हणताना चिखलीला काही होत नाही. शेगावपेक्षा, मेहकरपेक्षा, लोणारपेक्षा असे बोलण्यात सर्रास येते आणि शेगावापेक्षा असे लिहिणारेही भेटतात. मलकापूरपेक्षा आणि मलकापुरापेक्षा या दोहोंत तर पहिला ‘पू’ दीर्घ आणि दुसरा ‘पु’ ऱ्हस्व असतो. शेवटी येतात सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा. बुलढाण्याचे ‘बुलढाण्या’ होते, पण राजाचे ‘राज्या’ होत नाही, राजापेक्षा असेच राहते.

एकाच जिल्ह्याच्या नकाशावर तुलनेच्या वाक्याचे बहुतेक सगळे प्रश्न मांडून ठेवलेले आहेत. ‘पेक्षा’ लावताना नामाची विभक्ती कोणती? काही नावे बदलतात आणि काही तशीच राहतात, ते का? ‘रामापेक्षा’ म्हणायचे की ‘रामाच्यापेक्षा’? ‘माझ्यापेक्षा’मध्ये ‘झ्या’ येतो, मग ‘भावाच्यापेक्षा’ का नको? शाळेच्या व्याकरणात ‘पेक्षा’ हे तुलनावाचक शब्दयोगी अव्यय आहे, एवढे एका ओळीत सांगितलेले असते. त्या ओळीच्या मागे काय आहे ते नीट पाहिले, तर यातल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मिळते.

सगळा भार नामावर

मराठीत विशेषणाला तुलनेचे वेगळे रूप नाही. ‘मोठा’ हा शब्द एकट्याने आला काय आणि दुसऱ्याशी तुलना करताना आला काय, मोठाच राहतो. संस्कृतातून आलेले लघुतर, श्रेष्ठतम असे थोडे शब्द सोडले, तर विशेषणाकडे पाहून वाक्यात तुलना आहे की नाही ते कळत नाही. ‘खामगाव मोठे आहे’ आणि ‘खामगाव शेगावपेक्षा मोठे आहे’ या दोन वाक्यांतला सारा फरक ‘शेगावपेक्षा’ या एका शब्दात आहे. ‘अधिक’, ‘जास्त’ हे शब्द घातले तर जोर येतो, पण ते नसले तरी वाक्य पुरे होते.

विशेषण जुळते ते ज्याच्याविषयी बोलायचे आहे त्याच्याशी. ज्याच्याशी तुलना करायची, त्याच्याशी त्याचा संबंध नसतो. ‘वासरापेक्षा गाय मोठी आहे’, ‘गाईपेक्षा बैल मोठा आहे’, ‘शेळीपेक्षा वासरू मोठे आहे’. मोठा, मोठी, मोठे ठरवणारा शब्द वेगळा आणि ‘पेक्षा’ घेणारा वेगळा. म्हणून ‘पेक्षा’ घेणाऱ्या नामाला वाक्यातले आपले काम सांगायला स्वतःच्या रूपावाचून दुसरा आधार नाही.

‘पेक्षा’ पंचमीचे आहे का?

मुलांचा गोंधळ इथे होतो. विभक्तीच्या तक्त्यात पंचमीचे प्रत्यय ‘ऊन, हून’ असे दिलेले असतात. ‘तुरीहून मूग महाग’ या वाक्यात ‘हून’ तुलना करतो. ‘तुरीपेक्षा मूग महाग’ या वाक्यात तेच काम ‘पेक्षा’ करतो. संस्कृतातही तुलना पंचमीने होते. मग ‘पेक्षा’ हाही पंचमीचा प्रत्यय का मानू नये?

व्याकरणाच्या पुस्तकांनी तो मानलेला नाही, आणि त्याला कारण आहे. विभक्तीचा प्रत्यय तुटून वेगळा अर्थ देत नाही, पण ‘पेक्षा’च्या मागे एक पूर्ण शब्द आहे: संस्कृत ‘अपेक्षा’, म्हणजे एखाद्या गोष्टीकडे पाहणे, तिला लक्षात घेणे. रामाकडे पाहता शाम उंच आहे, असा मूळचा भाव. ‘साठी’, ‘समोर’, ‘ऐवजी’ यांच्याप्रमाणे ‘पेक्षा’ही नामाला जोडून येणारा शब्द, म्हणजे शब्दयोगी अव्यय झाला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये निघाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये. त्या काळच्या छापील मजकुरात हा शब्द ‘पेक्षां’ असा अनुस्वाराने लिहिलेला दिसतो. न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी काढून टाकले, तेव्हा हाही गेला. ‘पेक्षा’च्या जोडीला तुलनावाचकांत ‘परीस’ हाही शब्द शिकवतात. तो जुन्या लिखाणात आणि गावाकडच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आढळतो.

तर ‘पेक्षा’ची स्वतःची विभक्ती नाही. शब्दयोगी अव्यय जोडण्यापूर्वी नामाचे जे रूप होते, ते त्याला हवे असते. त्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. ‘घोडा’चे ‘घोड्या’, ‘पाणी’चे ‘पाण्या’, ‘शाळा’चे ‘शाळे’, ‘बहीण’चे ‘बहिणी’. या रूपाला ला जोडा, ने जोडा, वर जोडा, पेक्षा जोडा, पाया एकच. ‘हून’लाही तोच पाया लागतो, म्हणून ‘हून’ आणि ‘पेक्षा’ एकसारखे वाटतात. व्यवहारात फरक एवढाच की ‘हून’ला दोन कामे आहेत. ‘शेगावहून’ म्हटल्यावर माणूस शेगावहून आला, की खामगाव शेगावहून मोठे, हे पुढचे वाक्य ऐकल्यावर कळते. ‘शेगावपेक्षा’ ऐकताच तुलना येणार हे ठरते.

पिकांच्या नावांवरून एक कसोटी

सामान्यरूप बरोबर झाले की नाही हे ओळखायचा एक सोपा मार्ग आहे. ‘पेक्षा’ काढून तिथे ‘ला’ ठेवायचा. ‘ला’च्या आधी जे रूप जिभेवर सहज येते, तेच ‘पेक्षा’च्या आधी लिहायचे. जिल्ह्यातल्या शेतांमधली पिके घेऊन हे करून पाहू.

कापूस, कापसाला, म्हणून कापसापेक्षा. उडीद, उडदाला, म्हणून उडदापेक्षा. या दोन शब्दांत मधला दीर्घ स्वर पार नाहीसा होऊन ‘अ’ उरतो. मूग, मुगाला, म्हणून मुगापेक्षा. तूर, तुरीला, म्हणून तुरीपेक्षा. इथे मधला दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. हरभरा, हरभऱ्याला, हरभऱ्यापेक्षा. मका, मक्याला, मक्यापेक्षा. गहू, गव्हाला, गव्हापेक्षा. ज्वारी हे ई-कारान्त स्त्रीलिंगी नाम असल्यामुळे ते ‘पाणी’सारखे बदलत नाही: ज्वारीला, ज्वारीपेक्षा. सोयाबीन गेल्या काही दशकांत आलेले नाव, त्याला कोणी ‘सोयाबिनाला’ म्हणत नाही. सोयाबीनला, म्हणून सोयाबीनपेक्षा. ट्रॅक्टरपेक्षा, मोबाइलपेक्षा, बसपेक्षा यांचेही असेच.

याच कसोटीने तालुक्यांच्या नावांचे कोडे सुटते. मोताळ्याला, नांदुऱ्याला, बुलढाण्याला असे म्हणतो, म्हणून मोताळ्यापेक्षा, नांदुऱ्यापेक्षा, बुलढाण्यापेक्षा. ‘बुलढाणापेक्षा’ हे रूप चुकीचे, मग ते कितीही ठिकाणी छापलेले असो. ‘राजा’ हा शब्द मामा, काका, दादा यांच्या रांगेतला आहे. राजाला, मामाला, काकाला म्हणतो, तसे राजापेक्षा, मामापेक्षा. घोडा आणि राजा दोघांच्या शेवटी ‘आ’ असला तरी त्यांची सामान्यरूपे वेगळी होतात, आणि हे शब्दाच्या शेवटावरून ओळखता येत नाही. जिथे नियम तोंडपाठ करून भागत नाही, तिथे ‘ला’ची कसोटी भागवते.

अ-कारान्त गावांच्या बाबतीत मराठी दोन्ही वाटा खुल्या ठेवते. आपण शेगावला जातो आणि शेगावात राहतो. मलकापूरला जातो आणि मलकापुरात राहतो. म्हणजे ‘त’ला सामान्यरूप हवेच असते, ‘ला’ मात्र गावाचे नाव तसेच राहू देतो. ‘पेक्षा’ इथे ‘ला’च्या बाजूने जातो. गावाचे नाव, माणसाचे नाव न मोडता घेण्याकडे बोलणाऱ्याचा कल असतो, म्हणून शेगावपेक्षा, मेहकरपेक्षा, मलकापूरपेक्षा ही रूपे रूढ आहेत. शेगावापेक्षा, मलकापुरापेक्षा ही रूपेही व्याकरणात बसतात. चूक होते ती दोन वाटा एकमेकींत मिसळल्यावर. सामान्यरूप केले तर ‘पु’ ऱ्हस्व हवा: मलकापुरापेक्षा. सामान्यरूप केले नाही तर ‘पू’ दीर्घ हवा: मलकापूरपेक्षा. ‘मलकापूरापेक्षा’ आणि ‘मलकापुरपेक्षा’ ही दोन्ही रूपे अर्धवट आहेत.

ही मोकळीक फक्त विशेषनामांना आहे. ‘शेगावपेक्षा’ चालते म्हणून ‘गावपेक्षा’ चालणार नाही. गावापेक्षा, घरापेक्षा, कापसापेक्षा असेच म्हणावे लागते. कसोटीही हेच सांगते: आपण ‘शेगावला’ म्हणतो, पण ‘घरला’ असे प्रमाण मराठीत म्हणत नाही.

नामाच्या आधी विशेषण असेल तर तेही सामान्यरूपात जाते, आणि हे बऱ्याचदा विसरले जाते. ‘काळी जमीन’चे ‘काळ्या जमिनीपेक्षा’ होते. ‘माझा मोठा भाऊ’चे ‘माझ्या मोठ्या भावापेक्षा’ होते. ‘माझा मोठा भावापेक्षा’ म्हणणारा माणूस सहसा मराठी नंतर शिकलेला असतो. ‘पेक्षा’ शेवटच्या शब्दाला चिकटलेला दिसत असला, तरी त्याचा धाक मागच्या सगळ्या शब्दसमूहावर असतो.

अनुस्वाराने संख्या ठरते, मानही ठरतो

अनेकवचनात सामान्यरूपावर अनुस्वार येतो. नामांच्या आणि सर्वनामांच्या अनेकवचनी सामान्यरूपांना प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावताना अनुस्वार द्यावा, असा नियम आहे. ‘मुलापेक्षा’ म्हणजे एका मुलापेक्षा, ‘मुलांपेक्षा’ म्हणजे अनेकांपेक्षा. ‘बहिणीपेक्षा’ आणि ‘बहिणींपेक्षा’ यांतही तसेच. हाताने लिहिताना हा ठिपका सहज राहून जातो आणि वाक्य बरोबर दिसत असूनही भलतेच सांगते. ‘या गावापेक्षा शेजारच्या गावात पाणी जास्त’ आणि ‘या गावांपेक्षा शेजारच्या गावात पाणी जास्त’ ही दोन वेगळी विधाने आहेत. टँकर कुठे पाठवायचा हे ठरवणाऱ्या कागदावर त्यांची अदलाबदल परवडणारी नाही.

हाच ठिपका मानही दाखवतो. आदरार्थी बहुवचन असल्यामुळे बाबांपेक्षा, मास्तरांपेक्षा, आजोबांपेक्षा असे लिहावे लागते. ‘भाऊ’ या शब्दात हे फार स्पष्ट दिसते. सख्ख्या धाकट्या भावाविषयी बोलायचे तर ‘भावापेक्षा’. पण घरातल्या किंवा गावातल्या ज्या वडील माणसाला सगळे ‘भाऊ’ म्हणतात, त्यांच्याविषयी ‘भाऊंपेक्षा’. कसोटी लावली तर ‘भावाला’ आणि ‘भाऊंना’ अशी दोन रूपे आपोआप वेगळी होतात. अनेकवचनासाठी ‘ला’च्या जागी ‘ना’ ठेवायचा, इतकेच.

आणि ‘पेक्षा’ नामाला जोडूनच लिहायचा. ‘घरा पेक्षा’ असे तोडून लिहिले की ‘घरा’ हा मराठीत एकटा उभा न राहणारा तुकडा उघडा पडतो.

माझ्यापेक्षा, पण रामापेक्षा

आता अवघड भाग. सर्वनामांना ‘ला’ची कसोटी लागू पडत नाही. मला, तुला, आम्हाला, तुम्हाला म्हणतो, पण ‘मपेक्षा’, ‘आम्हापेक्षा’ म्हणत नाही. माझ्यापेक्षा, तुझ्यापेक्षा, आमच्यापेक्षा, तुमच्यापेक्षा, तिच्यापेक्षा, त्यांच्यापेक्षा असे म्हणतो. माझा, तुझा, आमचा ही षष्ठीची रूपे आहेत आणि ‘पेक्षा’ त्यांच्या सामान्यरूपाला लागतो. सर्वनामांसाठी कसोटीचा शब्द ‘साठी’ घ्यावा: माझ्यासाठी, माझ्यापेक्षा, तिच्यासाठी, तिच्यापेक्षा. जुन्या पत्रांत आणि कवितेत ‘मजपेक्षा’, ‘तुजपेक्षा’ येते, पण रोजच्या बोलण्यातून ते गेले.

सर्वनामांना षष्ठी आणि नामांना नुसते सामान्यरूप, असे का? त्याचे उत्तर भाषेच्या इतिहासात आहे. ‘अपेक्षा’ या शब्दाला ‘कोणाची?’ हा प्रश्न जोडलेलाच असतो, म्हणून त्याच्याबरोबर षष्ठी येणे स्वाभाविक. जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे मध्य प्रदेशात ‘राम की अपेक्षा’ असे लिहितात, तिथे ही षष्ठी उघड दिसते. मराठी सामान्यरूपाविषयी ज्यूल ब्लोक या फ्रेंच अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीच्या घडणीवर लिहिताना जो विचार मांडला आणि जो पुढे भाषाशास्त्रज्ञांत रूढ झाला, तो असा की हे रूप मुळात जुन्या षष्ठीपासून आलेले आहे. संस्कृत ‘रामस्य’, प्राकृतात ‘रामस्स’, आणि झिजत झिजत मराठीत ‘रामा’. म्हणजे ‘रामापेक्षा’तल्या ‘रामा’मध्ये जुनी षष्ठी आधीच मुरलेली आहे. त्यावर आणखी ‘च्या’ लावला, तर एकाच नामावर षष्ठी दोनदा येते. सर्वनामांची घडण निराळी झाली आणि त्यांनी नवी षष्ठी पत्करली.

म्हणून ‘शाम रामापेक्षा उंच आहे’ हे लेखी मराठीत नेमके. बोलण्यात ‘रामाच्यापेक्षा’ ऐकू येते, ते सर्वनामांच्या वळणावर गेलेले रूप आहे. पण एका ठिकाणी ‘च्या’ असणे गरजेचे होते, आणि तिथे ते न लावणे हीच चूक ठरते. ‘आमची विहीर पाटलांपेक्षा खोल आहे’ या वाक्यात विहिरीची तुलना माणसाशी झाली. ऐकणारा समजून घेतो, पण सांगायचे होते ‘पाटलांच्या विहिरीपेक्षा’. ‘विहीर’ हा शब्द पुन्हा उच्चारायचा नसेल तर ‘पाटलांच्यापेक्षा’ म्हणावे. इथला ‘च्या’ वगळलेल्या ‘विहिरी’ची जागा राखून ठेवतो.

लोणारच्या पाण्याविषयी लिहिताना हे ध्यानात ठेवावे लागते. ‘लोणारचे पाणी समुद्रापेक्षा अल्कधर्मी आहे’ असे लिहिले तर पाण्याची तुलना समुद्राशी झाली. त्या पाण्याचा सामू सुमारे १० आणि समुद्राच्या पाण्याचा सुमारे ८ असतो, तेव्हा तुलना आहे दोन पाण्यांची. ‘समुद्राच्या पाण्यापेक्षा’ हे चोख. उलट ‘लोणारचे विवर त्यातल्या सरोवरापेक्षा रुंद आहे’ हे वाक्य आहे तसेच बरोबर आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि सरोवराचा त्याहून कमी, आणि रुंदी विवराचीही असते, सरोवराचीही. दोन्ही बाजूंना एकाच जातीची गोष्ट आहे का, एवढे पाहिले की ‘च्या’ हवा की नको ते ठरते.

सर्वनामात ही सोय उरत नाही, कारण तिथे षष्ठी आधीच आहे. ‘आमची विहीर तुमच्यापेक्षा खोल’ म्हणजे तुमच्या विहिरीपेक्षा, हे संदर्भाने घ्यावे लागते. ‘आमचा मुलगा तुमच्यापेक्षा उंच आहे’ या वाक्यात मात्र तो तुमच्याहून उंच आहे की तुमच्या मुलाहून, हे रूपावरून कळण्याचा मार्ग नाही. तिथे ‘तुमच्या मुलापेक्षा’ म्हणूनच टाकावे.

‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांत आणखी एक बारकावा आहे. माणसासाठी ‘त्याच्यापेक्षा’ आणि वस्तूसाठी, घटनेसाठी किंवा संपूर्ण म्हणण्यासाठी ‘त्यापेक्षा’. ‘त्याच्यापेक्षा मी लहान’ यात तो माणूस आहे. ‘एवढ्या उन्हात चालत जाणार? त्यापेक्षा संध्याकाळी निघ’ यात ‘ते’ म्हणजे उन्हात चालत जाणे. क्रियापदाला ‘पेक्षा’ लावायचा तर त्याचे ‘णे’चे रूप घेऊन ‘ण्या’ करायचे: जाणे, जाण्यापेक्षा, थांबणे, थांबण्यापेक्षा. ए-कारान्त नामाचे सामान्यरूप या-कारान्त करावे, हाच नियम इथे लागू पडतो.

‘पेक्षा’खाली जे हरवते

‘पेक्षा’ सामान्यरूपाला लागतो, याचा एक परिणाम दूरवर जातो. त्या नामाला वाक्यात दुसरी कोणतीही विभक्ती मिळाली असती, तरी ‘पेक्षा’ आल्यावर ती दिसेनाशी होते. ‘तुरीला भाव मिळाला, सोयाबीनला मिळाला नाही’ या वाक्यात दोन्ही पिकांना ‘ला’ आहे. तुलना केली की ‘तुरीपेक्षा सोयाबीनला भाव कमी मिळाला’. तुरीचा ‘ला’ गेला. इथे काही बिघडत नाही, कारण ‘तुरीपेक्षा’च्या लगेच पुढे ‘सोयाबीनला’ आहे आणि जोडी कोणाची ते उघड आहे.

पण हे वाक्य घ्या: ‘व्यापारी आम्हाला अडत्यांपेक्षा कमी भाव देतो.’ बाजार समितीच्या आवारात कोणीही बोलेल असे हे वाक्य आहे, आणि त्याचे अर्थ दोन निघतात. पहिला: अडते आम्हाला जो भाव देतात, त्याहून व्यापारी कमी देतो. इथे ‘अडते’ हा देणारा, म्हणजे कर्ता. दुसरा: व्यापारी अडत्यांना जो भाव देतो, त्याहून आम्हाला कमी देतो. इथे ‘अडत्यांना’ म्हणजे घेणारा. एकात तक्रार दोन खरेदीदारांतल्या फरकाची, दुसऱ्यात एकाच खरेदीदाराने केलेल्या दुजाभावाची. ‘अडत्यांपेक्षा’ या रूपात कर्ता आणि घेणारा दोघेही एकसारखे दिसतात.

हा दोष सुधारायचा तर हरवलेली विभक्ती परत आणावी लागते, आणि तिला जागा मिळते ती ‘त्यापेक्षा’ने जोडलेल्या पूर्ण वाक्यात. ‘अडते आम्हाला जो भाव देतात, त्यापेक्षा व्यापारी कमी देतो.’ किंवा ‘व्यापारी अडत्यांना जो भाव देतो, त्यापेक्षा आम्हाला कमी देतो.’ वाक्य लांबते, पण संशय उरत नाही. ओळखायची खूण अशी की वाक्यात ‘मला’, ‘आम्हाला’, ‘तिला’ असे कोणी आहे, कर्ताही आहे, आणि ‘पेक्षा’चे नाम दोघांपैकी कोणाच्याही जागी बसू शकते. ‘सून मला मुलापेक्षा जास्त जपते’ हे वाक्य याच घडणीचे. ‘खामगाव शेगावपेक्षा मोठे’ यात कर्त्याखेरीज कोणी नाही, म्हणून तिथे घोटाळा होणे शक्य नाही.

स्थळकाळ दाखवणाऱ्या शब्दांसाठी मराठीने निराळी युक्ती काढली आहे. जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग सगळे मानतात: बुलढाणा, चिखलीकडचा अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा प्रदेश आणि मलकापूर, नांदुऱ्याकडचा पूर्णेच्या खोऱ्यातला प्रदेश. ‘घाटावर घाटाखालच्यापेक्षा थंडी जास्त’ असे म्हणतो. ‘घाटाखाली’ या क्रियाविशेषणाला आधी ‘चा’ लावून विशेषण केले, घाटाखालचा. मग त्याचे सामान्यरूप, घाटाखालच्या. आणि मग ‘पेक्षा’. ‘घरात’चे ‘घरातल्यापेक्षा’, ‘इथे’चे ‘इथल्यापेक्षा’, ‘बाजारात’चे ‘बाजारातल्यापेक्षा’ याच रीतीने, पण ‘चा’ऐवजी ‘घरातला’मधला ‘ला’ लावून होते. ‘ला’ आणि ‘चा’ यांनी स्थळाचा अर्थ शब्दात बांधून घेतला, म्हणून ‘पेक्षा’ आल्यावर तो पुसला जात नाही. ‘मोताळ्यापेक्षा मलकापुरात भाव बरा’ हे बोलण्यात चालते; ‘मोताळ्यातल्यापेक्षा मलकापुरातला भाव बरा’ हे काटेकोर.

काल, पूर्वी, नेहमी यांसारख्या शब्दांना तेवढेही करावे लागत नाही. कालपेक्षा, पूर्वीपेक्षा, नेहमीपेक्षा असे ते थेट जोडले जातात. पावसाळ्यात कानावर पडणारे ‘गेल्या वर्षीपेक्षा’ हे रूप कित्येकांना खटकते. ‘वर्ष’चे सामान्यरूप ‘वर्षा’, म्हणून ‘गेल्या वर्षापेक्षा’ हवे, असे ते म्हणतात. दोन्ही रूपे समर्थनीय आहेत. ‘वर्षापेक्षा’ म्हणताना नामाला ‘पेक्षा’ लावला. ‘गेल्या वर्षी’ हा शब्दसमूह ‘काल’, ‘पूर्वी’ यांच्यासारखा कालवाचक होऊन बसला आहे, म्हणून तोही ‘पूर्वीपेक्षा’प्रमाणे जसाच्या तसा जोडला जातो.

वऱ्हाडी बोलीत काय होते

जिल्ह्याच्या मोठ्या भागात वऱ्हाडी बोलतात. तिथे ‘माह्यापेक्षा त्याची पऱ्हाटी बरी’ असे वाक्य ऐकू येते. प्रमाण मराठीतल्या ‘माझ्या’च्या जागी ‘माह्या’ आले, पण रचना तीच: षष्ठीचे सामान्यरूप आणि त्यावर ‘पेक्षा’. ‘माझ्या पऱ्हाटीपेक्षा’ हा अर्थ संदर्भातून घेण्याची गरजही तशीच. अनेकवचनात वऱ्हाडी ‘पोरांना’ऐवजी ‘पोरायले’ म्हणते, ‘लोकांचे’ऐवजी ‘लोकायचं’ म्हणते. म्हणून ‘पोरांपेक्षा’चे ‘पोरायपेक्षा’ आणि ‘लोकांपेक्षा’चे ‘लोकायपेक्षा’ होते. आधीची कसोटी इथेही तंतोतंत लागू पडते, फक्त ‘ला’च्या जागी बोलीतला ‘ले’ घ्यायचा: पोरायले, पोरायपेक्षा.

वही तपासणाऱ्या शिक्षकाला यातून एक भेद हाती लागतो. वऱ्हाडी बोलणाऱ्या घरातल्या मुलाने निबंधात ‘पोरायपेक्षा’ लिहिले, तर तुलनेचा नियम त्याला पक्का आलेला आहे. नामाचे अनेकवचनी सामान्यरूप करून त्यालाच त्याने ‘पेक्षा’ जोडला. त्याला एवढेच सांगायचे आहे की लेखी मराठीत हे सामान्यरूप ‘पोरां’ असे होते. ज्या मुलाने ‘कापूसपेक्षा’ किंवा ‘माझा भावापेक्षा’ लिहिले, त्याची चूक वेगळ्या जातीची आहे. ती रूपे वऱ्हाडीतही बसत नाहीत आणि प्रमाण मराठीतही नाहीत, कारण सामान्यरूप करण्याची पायरीच गाळलेली आहे. दोन्ही ठिकाणी सारखीच लाल रेघ ओढली, तर पहिल्या मुलाला आपली बोलीच चुकीची वाटू लागेल आणि दुसऱ्याला आपले काय चुकले ते कळणारच नाही. पहिल्याला दुसरे रूप द्यावे आणि दुसऱ्याला नियम समजावून सांगावा.